पाणी आलं, पाणी आलंय, पाणी आलं होतं

आटपाडी तालुक्यात डाळिंबाची बाग सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला कालव्याच्या फाट्यावरून फोन येतो. फोनवरचा माणूस तीनपैकी एक वाक्य बोलतो. ‘पाणी आलं.’ ‘पाणी आलंय.’ ‘पाणी आलं होतं.’ तिन्ही वाक्यांत घटना एकच आहे, टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी फाट्यावर पोचणं. घटना तिन्हींत घडूनही गेलेली आहे. तरी दुसरं वाक्य ऐकून माणूस मोटारसायकलला किक मारतो आणि तिसरं ऐकून कपाळाला हात लावतो. माणदेशाच्या बोलीत हेच ‘पाणी आलंया’ आणि ‘पाणी आल्तं’ असं कानावर पडेल. जिथे आवर्तनाची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते तिथे ‘आलंया’ आणि ‘आल्तं’ यांतला फरक कुणी व्याकरण म्हणून शिकत नाही, पण तो चुकतही नाही.

प्रश्न असा, की हा फरक नेमका कशाचा आहे? ‘काळ म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य’ हे शाळेतलं उत्तर इथे पुरत नाही. घटना बोलण्याच्या आधी घडली एवढंच भूतकाळ सांगत असेल, तर तिन्ही वाक्यं एकाच खणात पडायला हवीत. शाळेचं व्याकरण तशी ती टाकतही नाही. ते ‘आलं’ला साधा भूतकाळ म्हणतं, ‘आलं होतं’ला पूर्ण भूतकाळ म्हणतं आणि ‘आलं आहे’ला चक्क पूर्ण वर्तमानकाळ म्हणतं. पाणी येऊन पोचलं, क्रिया संपली, मग ते वर्तमान कसं? अनेक मुलांना ही शंका येते आणि बहुतेकांना ‘तसं नाव आहे’ एवढंच उत्तर मिळतं. वास्तविक ते नाव अगदी बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे सांगणारा विचार 1947 मध्ये एका तत्त्वज्ञाच्या पुस्तकात नीट मांडला गेला.

त्याआधी 1924 मध्ये डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनी काळांची एक सरळ रेघ आखून पाहिली होती. मध्ये ‘आत्ता’, डावीकडे भूत, उजवीकडे भविष्य, आणि त्या दोन्हींच्या पुढेमागे आणखी उपविभाग. पण इंग्रजीतला ‘आलं आहे’ या धर्तीचा काळ त्या रेघेवर कुठेच बसेना. येस्पर्सन यांनी ते मोकळेपणाने नोंदवलं: या रूपात नुसता काळ नाही, परिणामही आहे, म्हणून त्याला या रांगेत जागा नाही.

हान्स राइखेनबाख यांनी ती जागा काढून दिली. हे मुळात भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानातले. आइनस्टाइनच्या सापेक्षतेवर त्यांनी पुष्कळ लिहिलं होतं. 1933 मध्ये नाझी राजवटीमुळे बर्लिन विद्यापीठातली जागा गेली, मग ते इस्तंबूलला आणि 1938 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले. तिथे लिहिलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात क्रियापदांच्या काळांवर एक छोटासा विभाग आहे. त्यात ते म्हणतात, काळ समजायला दोन क्षण पुरत नाहीत, तीन लागतात.

पहिला क्षण बोलण्याचा. फोनवर वाक्य उच्चारलं गेलं ती वेळ. तिला ‘ब’ म्हणू. दुसरा घटनेचा, म्हणजे पाणी फाट्यावर पोचलं ती वेळ. ती ‘घ’. तिसरा क्षण घड्याळात शोधून सापडत नाही. बोलणारा ज्या वेळेबद्दल बोलतो आहे, जिथे उभं राहून घटनेकडे पाहतो आहे, ती संदर्भाची वेळ. तिला ‘सं’ म्हणू. दोन वेळांमध्ये आडवी रेघ असेल तर डावीकडची वेळ आधीची, आणि स्वल्पविराम असेल तर त्या दोन वेळा एकच.

आता तीन वाक्यं अशी दिसतात:

पाणी आलं: घ, सं — ब
पाणी आलं आहे: घ — सं, ब
पाणी आलं होतं: घ — सं — ब

तिन्हींत ‘घ’ ‘ब’च्या डावीकडेच आहे. हललाय तो फक्त ‘सं’. ‘पाणी आलं’ म्हणणारा पाणी आलं त्या वेळेचीच गोष्ट सांगतो. ‘पाणी आलंय’ म्हणणारा आत्ताची गोष्ट सांगतो: आत्ता फाट्यावर काय आहे, तर येऊन पोचलेलं पाणी. म्हणून शेतकरी निघतो. ‘पाणी आलं होतं’ म्हणणारा आत्ताबद्दल काहीच सांगत नाही. तो मागच्या एखाद्या वेळेवर बोट ठेवतो आणि त्या वेळी पाणी येऊन पोचलेलं होतं एवढं सांगून थांबतो. आत्ता पाणी असतं तर त्याने ‘आलंय’ म्हटलं असतं. म्हटलं नाही, म्हणून ऐकणारा समजतो की गेलं. ‘गेलं’ हे त्या वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते न वापरलेल्या रूपावरून कळतं. आणि म्हणूनच ते मागेही घेता येतं: ‘सकाळी पाणी आलं होतं, अजूनही आहे.’ यात काही विसंगती वाटत नाही. ‘पाणी आलंय, पण आत्ता नाही’ हे मात्र जमत नाही, कारण तिथे ‘आत्ता’ला वाक्यानेच बांधून घातलेलं आहे.

पूर्ण वर्तमानकाळ या नावाचा उलगडा इथे होतो. काळाचं नाव घटनेवरून पडत नाही, संदर्भाच्या वेळेवरून पडतं. ‘आलं आहे’मध्ये संदर्भ आत्ताचा, म्हणून वर्तमान, आणि त्या वेळेपर्यंत घटना पुरी झालेली, म्हणून पूर्ण.

या मांडणीची मराठीत एक कसोटी घेता येते. संदर्भ आत्ताचा असेल, तर ज्याच्याबद्दल बोलतोय ते आत्ता कुठल्या तरी रूपात असायला हवं. ग. दि. माडगूळकर 1919 मध्ये आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मले आणि 1977 मध्ये गेले. ‘गदिमांनी गीतरामायण लिहिलं आहे’ हे वाक्य आज कानाला खटकत नाही, कारण गीतरामायण आज आहे. ‘गदिमा शेटफळ्यात जन्मले आहेत’ हे मात्र खटकतं. ‘जन्मले’ किंवा ‘जन्मले होते’ म्हणावंसं वाटतं. दोन्ही वाक्यांत कर्ता तोच, माणूस तोच. फरक असा की पहिलं वाक्य खरं तर गीतरामायणाबद्दल आहे आणि दुसरं माणसाबद्दल. ‘आहे’ हा शब्द आपल्या विषयाकडून आजचं अस्तित्व मागतो.

राइखेनबाख यांची मूळ मांडणी एका ठिकाणी मात्र अडखळते, आणि ती जागा समजून घेण्यासारखी आहे. ‘सोमवारी कळलं की पाणी आठवडाभरात येणार होतं’ हे वाक्य घ्या. संदर्भ सोमवारचा आणि घटना त्याच्यानंतरची, इथपर्यंत ठीक. समजा आपण हे गुरुवारी बोलतो आहोत. पाणी बुधवारी आलेलं असू शकतं, आत्ता येत असू शकतं किंवा शनिवारी यायचं असू शकतं. राइखेनबाख तीन क्षण एकाच रेघेवर मांडतात, त्यामुळे त्यांना एका रूपासाठी तीन सूत्रं लिहावी लागतात: सं — घ — ब, सं — ब, घ आणि सं — ब — घ. पण बोलणाऱ्याच्या मनात तीन अर्थ नसतात, एकच असतो. घटना बोलण्याच्या आधीची की नंतरची, हे ते रूप सांगतच नाही.

पुढच्या अभ्यासकांनी यावर उपाय केला तो साधा आहे. तीन क्षणांची एक रांग लावायची नाही, दोन वेगळी नाती पाहायची. एक, संदर्भ आणि बोलणं यांचं. दुसरं, घटना आणि संदर्भ यांचं. घटना आणि बोलणं यांचं थेट नातं रूपात नोंदलेलंच नसतं. कळलं तर ते या दोन नात्यांवरून कळतं, नाही तर मोकळं राहतं.

मला या विषयात सर्वांत जास्त समाधान इथे वाटतं, कारण मराठीत ही दोन नाती दोन वेगळ्या शब्दांत उघडी मांडलेली आहेत. मुख्य क्रियापदाकडे पाहा: आलं, येत, येणार. संदर्भाच्या वेळी घटना होऊन गेली आहे, चालू आहे की पुढे आहे, हे ते सांगतं. आता साहाय्यक क्रियापदाकडे पाहा: आहे, होतं, असेल. संदर्भ आत्ताचा, मागचा की पुढचा, हे ते सांगतं. पहिल्यातलं कोणतंही एक दुसऱ्यातल्या कोणत्याही एकाशी जोडा:

आलं आहे, आलं होतं, आलं असेल
येत आहे, येत होतं, येत असेल
येणार आहे, येणार होतं, येणार असेल

नऊच्या नऊ वाक्यं चालतात. आडव्या ओळीत घटना आणि संदर्भ यांचं नातं तेच राहतं, उभ्या रांगेत संदर्भ आणि बोलणं यांचं. ‘येणार होतं’ला तीन सूत्रांची गरज उरत नाही: ‘होतं’ म्हणजे संदर्भ मागे, ‘येणार’ म्हणजे घटना त्या संदर्भाच्या पुढे, संपलं. ‘काल पाणी येणार होतं’ ऐकून आपण ‘म्हणजे आलं नाही’ असं समजतो, तेही पुन्हा न बोललेल्यावरून. ‘काल येणार होतं आणि आलंही’ असं म्हणायला कुठे अडचण येते?

या नऊ घरांत एक रांग मात्र पूर्ण सरळ नाही, ‘असेल’ची. ‘उद्या सकाळपर्यंत पाणी आलं असेल’ यात संदर्भ खरोखर पुढचा आहे. पण ‘एव्हाना पाणी आलं असेल’ यात संदर्भ आत्ताचाच आहे, आणि ‘असेल’ भविष्य न सांगता अंदाज सांगतं. रोजच्या बोलण्यात हा दुसरा उपयोगच जास्त भेटतो. तेव्हा ‘आलं असेल’ला सरसकट पूर्ण भविष्यकाळ म्हणणं अपुरं आहे. संदर्भ कुठला हे शेजारच्या शब्दावरून ठरवायचं: ‘उद्या’, ‘तोपर्यंत’ असेल तर पुढचा, ‘एव्हाना’, ‘बहुतेक’ असेल तर आत्ताचा.

आता वेळ सांगणाऱ्या शब्दांकडे येऊ, कारण गोंधळ खरा तिथे होतो. ‘आठ वाजता पाणी आलं होतं.’ हे वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं. एका वाचनात आठ ही घटनेची वेळ: आठला पाणी पोचलं, आणि पुढे, समजा नऊला, बंद झालं. दुसऱ्या वाचनात आठ ही संदर्भाची वेळ: मी आठला फाट्यावर गेलो तेव्हा पाणी आधीच येऊन पोचलेलं होतं, मग ते सातला आलेलं असो की पहाटे चारला. पाण्याच्या पाळीवरून दोन शेजाऱ्यांत वाद झाला तर हा फरक काही क्षुल्लक नाही. एकाच्या हिशेबात पाळी आठला सुरू होते, दुसऱ्याच्या हिशेबात तोवर चार तास गेलेले असतात.

ओळखायचं कसं? शब्द घालून पाहायचे. ‘बरोबर आठ वाजता पाणी आलं होतं’ म्हटलं की आठ घटनेला चिकटतं. ‘आठ वाजता पाणी आधीच आलं होतं’ किंवा ‘आठ वाजेपर्यंत आलं होतं’ म्हटलं की आठ संदर्भाला चिकटतं. मूळ बोलण्याचा अर्थ न बदलता यांतला कोणता शब्द घालता येतो, हे बोलणाऱ्यालाच विचारावं. तिसऱ्याने ठरवायचं ते काम नाही.

राइखेनबाख यांचं मत असं की वेळ सांगणारा शब्द संदर्भालाच चिकटतो. इंग्रजीत ‘पाणी आलं आहे’ या काळाबरोबर ‘काल’ चालत नाही. त्याचं कारण त्यांना इथे मिळालं: त्या काळात संदर्भ आत्ताचा असतो, मग तिथे ‘काल’ला जागा कुठली? मांडणी देखणी आहे, पण मराठीने ती मोडते. ‘पाहुणे काल आलेत.’ आटपाडीकडे म्हणतील, ‘पाव्हणं काल आल्यात.’ यात वावगं काही नाही. इंग्रजीत मात्र ते शब्दशः म्हटलं तर चूक ठरतं, आणि मराठी घरातली मुलं इंग्रजी शिकताना हीच चूक वारंवार करतात.

कुणी म्हणेल, मराठीत ‘आलेत’ हा झिजून साधा भूतकाळच झाला असेल. जर्मनच्या बोलभाषेत खरंच तसं झालं आहे. तिथे ‘आलं आहे’च्या धर्तीचं रूप साध्या भूतकाळासारखं वापरतात, आणि ‘काल’ त्याच्याशी सहज जुळतो. पण मराठीत ही शंका टिकत नाही. पाहुणे काल येऊन आज सकाळी परत गेले असतील, तर ‘पाहुणे काल आलेत’ म्हणता येत नाही, ‘आले होते’च म्हणावं लागतं. म्हणजे ‘आलेत’मधला संदर्भ अजूनही पक्का आत्ताचाच आहे, आणि ‘काल’ त्याला न चिकटता मागे घटनेला जाऊन चिकटला आहे: घटना काल, संदर्भ आज. मराठीत हे दोन्ही क्षण एका वाक्यात स्वतंत्रपणे नेमून देता येतात. जर्मन भाषाशास्त्रज्ञ वोल्फगांग क्लाइन यांनी 1992 मध्ये इंग्रजीतल्या या अडचणीवर लिहिताना ती वेगळ्या नियमाने समजावली: संदर्भ आणि घटना दोन्ही एकाच वेळी नेमक्या जागी खिळवायच्या नाहीत. इंग्रजीपुरता तो नियम पटतो. मात्र तो इंग्रजीचा नियम आहे, काळाच्या स्वरूपाचा नाही, हे सांगायला ‘पाव्हणं काल आल्यात’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

गोष्ट सांगताना संदर्भ एका जागी राहत नाही. हा छोटा उतारा पाहा. ‘धनगर उजाडता बाजारात पोचला. व्यापारी आधीच आले होते. त्याने मेंढ्या कडेला उभ्या केल्या. मागच्या बाजारी भाव पडला होता. एकाने माडग्याळी मेंढ्याला हात घातला आणि आकडा सांगितला.’ ‘पोचला’, ‘उभ्या केल्या’, ‘घातला’, ‘सांगितला’ ही साधी रूपं संदर्भाला एकेक पाऊल पुढे नेतात. ‘आले होते’ आणि ‘पडला होता’ संदर्भाला हलवत नाहीत, आहे तिथूनच मागे वळून पाहतात. ‘होता’ काढून ‘मागच्या बाजारी भाव पडला’ केलं तरी अर्थ कळतो, कारण ‘मागच्या बाजारी’ आहे. ‘व्यापारी आधीच आले होते’ याच्या जागी नुसतं ‘व्यापारी आले’ केलं मात्र तर क्रमच उलटतो: धनगर आधी पोचला आणि व्यापारी नंतर आले असं होतं. लिहिणाऱ्याने ‘होता’ कुठे गाळायचा आणि कुठे ठेवायचा, याची ही पारख आहे.

नुसत्या ‘आलं’ची एक गंमत राहिलीच. चारीच्या कोरड्या तळातून पाण्याचं तोंड पुढे सरकताना दिसतं, अजून शेतापाशी पोचायचं आहे, तरी पोरं ओरडतात, ‘आलं, आलं!’ हाक मारल्यावर घरातून आपणही ‘आलो’ म्हणतो आणि त्यानंतर उठतो. घटना बोलण्याच्या नंतरची आणि रूप भूतकाळाचं. याचं कारण रूपाच्या इतिहासात आहे. मराठीचं हे ‘ल’चं रूप संस्कृतच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून प्राकृतातून आलं. क्रिया पुरी झाली एवढंच सांगणं हे त्याचं मूळ काम. त्याच्याबरोबर ‘आहे’ किंवा ‘होतं’ नसलं की संदर्भ कुठे ठेवायचा हे वाक्य स्वतः सांगत नाही. बहुतेक वेळा आपण तो मागे ठेवतो, पण घटना डोळ्यांसमोर येऊन ठेपलेली असेल तर पुरं होण्याचा तो क्षणच धरून बोलतो.

शेवटी नकार. इथे मराठी एक फरक झाकून टाकते. ‘पाणी आलं’ याचा नकार ‘पाणी आलं नाही’. ‘पाणी आलं आहे’ याचा नकारही बोलताना ‘पाणी आलं नाही’ असाच होतो. ‘आलं होतं’चा नकार ‘आलं नव्हतं’ असा वेगळा राहतो, पण पहिली दोन एकमेकांत मिसळतात. मग ‘पाणी आलं नाही’ म्हणजे त्या दिवशी आलं नाही, की आत्तापर्यंत आलेलं नाही? बोलताना ‘अजून’ किंवा ‘काल’ हा शब्द वाट दाखवतो. लिहिलेल्या कागदावर तो शब्द नसेल तर वाट दाखवणारं काही उरत नाही. भाषेने यासाठी एक रूप ठेवलेलं आहे, ‘आलेलं नाही’. त्यात संदर्भ नक्की आत्ताचा असतो. म्हणून पाण्याच्या मागणीचा अर्ज, पंचनामा किंवा पाळीची नोंदवही लिहिणाऱ्यांना सांगणं आहे: अर्जाच्या दिवसापर्यंत पाणी पोचलं नसेल तर ‘पाणी आलेले नाही’ असं लिहा, आणि एखाद्या ठरावीक दिवशी पोचलं नसेल तर ‘आले नाही’च्या आधी त्या दिवसाची तारीख लिहा.